भजनी मालिकेची प्रस्तावना कशी लिहावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या भजनी मंडळाची मालिका मी दोनदा संपादित केली. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना एका पानाची होती. तिच्यात संतांची थोरवी होती, नामाचा महिमा होता, देणगीदारांचे आभार होते. अभंग कुठून घेतले, कुठे काय बदललं, पुस्तक कसं वापरायचं, यातलं एक अक्षरही नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीला मी सात पानं लिहिली. तेव्हापासून आजूबाजूच्या मंडळांतली मंडळी मालिका छापायला घेतली की फोन करतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह इथे लिहून ठेवले आहेत.

अध्यक्षांचं मनोगत आहे, महाराजांचं आशीर्वचन आहे. मग संपादकाची प्रस्तावना वेगळी कशाला?

मनोगतात पुस्तक का काढलं हे येतं आणि आशीर्वचनात शुभेच्छा येतात. दोन्ही असावीत, त्यांना हात लावू नका. संपादकाने सांगायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. हा शब्द इथे कुठून आला, दोन पाठांतला हाच का ठेवला, आणि पहाटे काकड्याला बसलेल्या माणसाने कोणतं पान उघडायचं, एवढी तीन उत्तरं त्याने द्यायची आहेत.

ही उत्तरं नसली की काय होतं ते मी पाहिलंय. शेजारगावचे टाळकरी सप्ताहाला आले. त्यांच्या पुस्तकात एक चरण वेगळा आणि आमच्यात वेगळा. चालू भजनात दोन्हीकडचे लोक थांबले. नंतर ओट्यावर वाद झाला, "तुमचं चुकीचं छापलंय." खरं तर दोन्ही पाठ जुन्या छापील गाथांत सापडतात. प्रस्तावनेत एक वाक्य असतं तर वाद मिटला असता.

प्रस्तावना कधी लिहायची, आधी की शेवटी?

लिहायची शेवटी, पण तिची तयारी पहिल्या दिवसापासून करायची. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक अभंगाला अर्धं पान द्या आणि त्यावर चार गोष्टी नोंदवा. अभंगाची पहिली ओळ, तो कुठून घेतला, कोणत्या शब्दावर शंका आली आणि शेवटी काय ठरवलं. संकलन चालू असताना हे लिहायला दोन मिनिटं लागतात. छपाईच्या वेळी आठवून लिहायला बसलात तर निम्मं आठवत नाही, आणि मग प्रस्तावनेत "विविध ग्रंथांचा आधार घेतला आहे" असं मोघम वाक्य येतं. त्या वाक्याचा वाचणाऱ्याला काडीचा उपयोग नाही.

"गाथेतून घेतले" एवढं लिहिलं तर पुरत नाही का?

नाही पुरत, कारण गाथा एक नाही. तुकोबांच्या अभंगांपुरतं बोलायचं तरी मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या मदतीने १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली गाथा वेगळी आणि देहू संस्थानची वेगळी. फडांच्या आणि निरनिराळ्या प्रकाशकांच्या गाथा आणखी वेगळ्या. अभंगांची संख्या वेगळी, क्रमांक वेगळे आणि काही ठिकाणी शब्दही वेगळे. म्हणून "गाथा, अभंग ४५२" असं लिहिलंत तर वाचणारा भलत्याच अभंगावर जाऊन पोचतो. गाथेचं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, आणि मग क्रमांक, असं लिहा.

त्या १८६९ च्या गाथेची प्रस्तावना या कामाचा चांगला नमुना आहे. संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांची नावं घेऊन कोणती प्रत कोणाकडची, हे सांगितलं. एवढ्या जुन्या काळी त्यांना ते जमलं. आपल्याकडे तर फार थोडे स्रोत असतात.

आमच्याकडे तीन होते. एक, छापील शासकीय गाथा. दोन, मंडळात पूर्वीपासून वापरात असलेली एक छापील मालिका, जिची पहिली चार पानं फाटली होती, त्यामुळे प्रकाशकाचं नाव सांगता येत नव्हतं. तीन, जुन्या वीणेकऱ्यांच्या हातची वही. ही वही आमच्या पुस्तकाचा जीव आहे. गावात म्हटल्या जाणाऱ्या गौळणी, त्यांचा क्रम आणि कुठल्या दिवशी कोणती म्हणायची, हे फक्त तिच्यातच आहे. पण वीणेकरीबुवांनी ती ऐकून लिहिली, पुस्तकावरून नाही. त्यामुळे म्हणताना येणारे शब्द तिच्यात मिसळले.

तिन्ही स्रोतांबद्दल प्रस्तावनेत खरं ते लिहा. फाटक्या मालिकेबद्दलही लिहा की मुखपृष्ठ नाही, प्रकाशक कळला नाही. त्यात कमीपणा काही नाही. उलट पुढे कोणाकडे तीच मालिका धड सापडली तर तो ती आणून दाखवू शकेल. मालिका उतरवून घेताना प्रत्येक अभंगापुढे स्रोताचं एक अक्षर द्या. आम्ही गाथेला "गा", फाटक्या मालिकेला "मा" आणि वहीला "व" दिलं. प्रस्तावनेत अक्षरांचा अर्थ सांगितला आणि आत अभंगाच्या शेवटी, बारीक टायपात, ते अक्षर टाकलं. एवढ्याने गाणाऱ्याला त्रास होत नाही आणि तपासणाऱ्याला वाट सापडते.

वहीतला शब्द एक आणि छापील गाथेतला दुसरा. कोणता घ्यायचा?

आधी अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगाचा चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या खंडाचं यमक जुळतं. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांच्या दोन ओळी. सगळ्यांना पाठ असलेला अभंग घेऊन बघू.

सुंदर तें ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां ॥

सुं-द-र-तें-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-यां, चार. विटेवरी आणि कटावरी यमक. सगळं जागच्या जागी. आमच्या वहीत याच अभंगाच्या शेवटी "पाहीन मी श्रीमुख आवडीने" असं होतं. मोजलं तर पा-ही-न-मी-श्री-मु-ख, सात. गाथेत "पाहीन श्रीमुख आवडीनें" आहे, सहा. तो "मी" चालीत आवाज टेकायला आला होता. आम्ही गाथेचा पाठ घेतला.

पण इथेच सावध राहा. नुसत्या मोजणीने शब्द कापू नका. याच अभंगाचा दुसरा चरण बघा. "तुळसीहार गळां" यात अक्षरं सात भरतात. "आवडे निरंतर" यातही सातच. गाथेतच तसं आहे आणि ते चुकलेलं नाही. म्हणताना "तुळ्सीहार", "आव्डे" असं होतं आणि वजन बरोबर बसतं. म्हणून सात भरले तर शंका घ्यायची, दुसरा स्रोत बघायचा, आणि दोन्ही एकाच बाजूला झुकले तरच बदलायचं. काही वेळा मोजणी काहीच सांगत नाही. "कर कटावरी" आणि "कर कटेवरी" दोन्ही म्हणतात, दोन्हींत अक्षरं सहा. तिथे स्रोतावर जायचं. आम्ही गाथेप्रमाणे "कटावरी" छापलं आणि गावात "कटेवरी" म्हणतात हे तळटीपेत दिलं.

उलटी गोष्टही घडते. एका तरुण मुलाने टाइप करताना "रूप पाहतां लोचनीं । सुख जालें वो साजणी" यातला "वो" गाळला होता. त्याला वाटलं, हा "हो", "रे" सारखा भरतीचा शब्द आहे. मोजून बघा. रू-प-पा-ह-तां-लो-च-नीं, आठ. सु-ख-जा-लें-वो-सा-ज-णी, आठ. "वो" काढला की सात उरतात. तो ज्ञानोबारायांच्या बोलीतला हाक मारण्याचा शब्द आहे, ओळीचा भाग आहे. त्या मुलासोबत बसून आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. मग पुढचे चाळीस अभंग त्याने स्वतःच तपासले.

प्रस्तावनेत यावर चार-पाच वाक्यं पुरतात. मोजणीचा नियम सांगा, एक उदाहरण द्या. जिथे बदल केला तिथे तळटीप आहे आणि जिथे तळटीप नाही तिथे मूळ पाठ जसाच्या तसा आहे, हेही सांगा. शेवटचं वाक्य विसरू नका.

अभंग कोणाचा हे कसं ठरवायचं? शेवटच्या ओळीत नाव असतंच ना?

असतं, पण ते नीट वाचावं लागतं. माझ्या पहिल्या आवृत्तीतली सगळ्यांत मोठी चूक इथलीच. "संतकृपा झाली । इमारत फळा आली" हा अभंग मी तुकोबांच्या नावावर छापला. वहीत तो "तुका झालासे कळस । भजन करा सावकाश" इथे संपत होता, आणि "तुका" दिसला म्हणून मी डोळे मिटून नाव टाकलं. एका कीर्तनकारांनी पुस्तक हातात घेतलं, ते पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "बुवा, तुकोबाराय स्वतःला कळस म्हणतील का?" पुढची ओळ आहे "बहेणी फडकती ध्वजा". अभंग तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंचा, शिऊरच्या. गाणारे कळसाला थांबत आले आणि ज्यांनी रचला त्यांचंच नाव वहीतून गळून पडलं. दुसऱ्या आवृत्तीत अभंग पूर्ण छापला आणि प्रस्तावनेत चुकीची कबुली दिली.

तेव्हा पहिली परीक्षा ही की नाव कशा रूपात आलंय. "तुका म्हणे", "नामा म्हणे", "एका जनार्दनी", "बापरखुमादेवीवरु", "नामयाची जनी" या कर्त्याच्या मुद्रा. नुसतं कोणाचं नाव ओळीत आलं तर ती मुद्रा होत नाही. आरत्यांतही हेच. ज्ञानराजाची आरती रामा जनार्दनांची आहे आणि तुकोबांची आरती रामेश्वर भट्टांची. शेवटचं कडवं वाचलं की कळतं.

नामदेवांच्या बाबतीत गाठ अधिक घट्ट आहे. त्यांच्यानंतर विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले आणि त्यांच्या बऱ्याच रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत. अभ्यासकांना जे सगळं सोडवता आलं नाही ते आपण गावच्या मालिकेत सोडवणार नाही. आम्ही मुद्रा जशी आहे तशी ठेवली. जिथे स्पष्ट "विष्णुदास नामा" आहे तिथे शीर्षकात तसंच लिहिलं, आणि प्रस्तावनेत सांगितलं की "नामा" मुद्रेचे सर्व अभंग एकाच संतांचे आहेत असा आमचा दावा नाही.

एकच रचना समजून म्हटलं जाणारं "घालीन लोटांगण" हेही सांगण्यासारखं. पहिलं कडवं नामदेवांचं, "म्हणे नामा" त्यातच आहे. "कायेन वाचा" भागवताच्या अकराव्या स्कंधातलं, "अच्युतं केशवं" शंकराचार्यांच्या अच्युताष्टकातलं, आणि शेवटचा "हरे राम हरे राम" मंत्र कलिसंतरणोपनिषदातला. आरतीनंतर सलग म्हणायची रीत आहे, म्हणून छापताना सलगच छापा. एका ओळीची टीप मात्र द्या. लोकांना हे वाचून आनंद होतो. मी अनेकांना ते पान दुसऱ्याला दाखवताना पाहिलंय.

हरिपाठाचे अभंग सत्तावीस की अठ्ठावीस?

हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर प्रस्तावनेत आधीच देऊन ठेवा. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे अभंग २७ मानतात. बऱ्याच मालिकांत पुढे "अभंग हरिपाठ असती अठ्ठावीस । रचिले विश्वासें ज्ञानदेवें" हा अभंग असतो. तो हरिपाठाची फलश्रुती सांगतो आणि रचणाऱ्याचं नाव तिसऱ्या माणसासारखं घेतो. आम्ही २७ ला क्रमांक दिले आणि हा अभंग बिनक्रमांकाचा, "फलश्रुती" शीर्षकाखाली ठेवला. आमच्या गावात तो रोज म्हणतात, तर गाळायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या फडाची रीत वेगळी असेल तर तशी छापा, कारण मात्र लिहा.

"हरि मुखें म्हणा" ही ओळ प्रत्येक अभंगानंतर येते. ती २७ वेळा छापली तर पानं वाढतात. एकदाच छापून प्रस्तावनेत सांगितलेलं पुरतं, पण ते सांगितलंच पाहिजे. शहरात वाढलेली नवी मुलं पुस्तकातलं जसंच्या तसं म्हणतात आणि मग गावात आल्यावर गोंधळतात.

सोयराबाईंच्या मुद्रेत जातीचा उल्लेख आहे. तो बदलावा का?

बदलू नये. "अवघा रंग एक झाला" या अभंगाचा शेवट "म्हणे चोखियाची महारी" असा आहे. आमच्या बैठकीत एकाने सुचवलं की "म्हणे चोखियाची सोयरा" करू, ऐकायला बरं वाटेल. हेतू चांगला होता. पण "मीतूंपण गेलें वायां" म्हणणाऱ्या त्या बाईने आपली सही कशी करायची हे स्वतः ठरवलं आणि ज्या नावाने तिला बाहेर ठेवलं गेलं तेच नाव घेऊन ती पंढरीच्या राजासमोर उभी राहिली. ते नाव आपण पुसलं तर सातशे वर्षांपूर्वीचा अन्याय तेवढाच राहतो आणि तिचं उत्तर मात्र नाहीसं होतं.

आम्ही मूळ मुद्रा ठेवली आणि प्रस्तावनेत तीन वाक्यं लिहिली. हा शब्द संत सोयराबाईंनी स्वतःसाठी वापरला आहे. तो त्यांच्या अभंगाचा भाग म्हणूनच छापला आहे. भजनाबाहेर कोणालाही उद्देशून तो वापरू नये. हा मजकूर छापण्याआधी मंडळातल्या दलित सभासदांना वाचायला दिला होता. त्यांनी एक शब्द बदलून दिला, तो घेतला. असं विचारल्याशिवाय हा परिच्छेद छापू नका.

जुने अनुस्वार ठेवायचे की काढायचे?

१९६२ पासूनच्या शुद्धलेखनाच्या नियमांत उच्चार न होणारे अनुस्वार गेले. पण त्याच नियमावलीत असंही आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य छापताना ते मूळाप्रमाणे छापावं. म्हणजे संतांच्या अभंगांतले अनुस्वार ठेवणं नियमाला धरूनच आहे.

आणि ते नुसते शोभेचे नाहीत. "ज्ञानदेवें रचिला पाया" यातला अनुस्वार "ज्ञानदेवाने" हा अर्थ सांगतो. "घरीं" म्हणजे घरात. अनुस्वार पुसला की अर्थाची खूण जाते. आम्ही अभंगात ठेवले आणि प्रस्तावना, सूचना, शीर्षकं आजच्या पद्धतीने लिहिली. वाचणाऱ्यासाठी एक सूचना दिली की हे अनुस्वार नाकात उच्चारायचे नाहीत. नवी मुलं "तेम्", "माझेम्" असं वाचायला लागली होती, म्हणून ती सूचना आली. तसंच "जालें" म्हणजे आजचं "झाले", हेही सांगितलं.

टाइप करणाऱ्याकडून अनुस्वार फार पडतात. मुद्रित तपासताना एकाने गाथा मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने पानावर बोट फिरवायचं. एकट्याने डोळ्यांनी तपासलं की पाठ असलेला अभंग मनातच वाचला जातो आणि पानावरची चूक दिसत नाही.

आम्हाला रेडिओवर ऐकलेली भक्तिगीतंही घ्यायची आहेत. चालेल का?

संतांच्या रचनांवर कोणाचा हक्क नाही. आधुनिक कवींच्या गीतांवर मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो. "कानडा राजा पंढरीचा" हे अनेकांना जुनं संतपद वाटतं, पण ते ग. दि. माडगूळकरांचं आहे. ते १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाही. वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहा, आणि परवानगी मिळाली तर प्रस्तावनेत तसं नोंदवा. हल्लीच्या सार्थ पुस्तकांतले अर्थ उतरवून घेतानाही हेच लागू.

"पुस्तक कसे वापरावे" यात काय लिहायचं?

प्रस्तावनेचा हाच भाग सर्वांत जास्त वाचला जातो, म्हणून तो वेगळ्या पानावर, अनुक्रमणिकेच्या समोर घ्या. बाकी प्रस्तावना बारीक टायपात गेली तरी चालेल, हे पान मोठ्या टायपात हवं. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे रोज पहाटे काकडा असतो. देवळात एक दिवा, म्हाताऱ्या माणसांचे डोळे, आणि पुस्तकाच्या पानांना बुक्का लागलेला. त्या उजेडात वाचता येईल एवढं अक्षर पाहिजे.

त्या पानावर आधी प्रसंगांचा क्रम द्या. आमच्याकडे काकड्याला आधी मंगलाचरण, मग भूपाळ्या, काकड आरती, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी असं चालतं. संध्याकाळी हरिपाठ. एकादशीच्या जागराला "जय जय रामकृष्ण हरि" या भजनाने सुरुवात, मग रूपाचा अभंग, आणि त्यानंतर वारांचे अभंग. प्रत्येकापुढे पान क्रमांक. फडाफडांत हा क्रम वेगळा असतो, तेव्हा "आमच्या मंडळाची रीत" असं स्पष्ट लिहा, नाहीतर तो सर्वांचा नियम समजला जातो.

मग खुणांचा अर्थ. ध्रुपदाच्या ओळीपुढे "ध्रु." असतं, पण ते किती वेळा आणि कुठे परत घ्यायचं हे नवख्याला कळत नाही. आम्ही "रूप पाहतां लोचनीं" घेऊन दाखवलं. "तो हा विठ्ठल बरवा । तो हा माधव बरवा" हे ध्रुपद, प्रत्येक चरणानंतर टाळकऱ्यांनी ते उचलायचं. एक अभंग असा दाखवला की बाकीचे समजतात.

चालींबद्दल आम्ही थोडंच लिहिलं. स्वरलिपी छापायचा विचार होता, पण मंडळात ती वाचणारे दोघेच. म्हणून अभंगावर फक्त "चाल: पान ३७ वरच्या अभंगाप्रमाणे" अशी खूण टाकली आणि प्रस्तावनेत सांगितलं की चाल जाणत्याकडून घ्यावी, आम्ही खूण केवळ आठवणीसाठी दिली आहे.

सूची दोन द्या. एक पहिल्या ओळीची, दुसरी ध्रुपदाची. लोकांना अभंग ध्रुपदावरून आठवतो. "तो हा विठ्ठल बरवा" शोधणारा माणूस "रूप" या अक्षराखाली जाणार नाही. दोन सूच्या आहेत हे वापराच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहा.

काय वगळलं तेही सांगायचं का?

हो, थोडक्यात. वहीतल्या सात गौळणी आम्ही घेतल्या नाहीत, कारण शेवटचे चरण गेलेले होते आणि दुसरीकडे सापडले नाहीत. त्यांच्या पहिल्या ओळी प्रस्तावनेत दिल्या. पुस्तक निघाल्यावर दोन महिन्यांनी वरच्या आळीतल्या एका आजींनी त्यातली एक पूर्ण म्हणून दाखवली. ओळ छापली नसती तर त्यांना कळलंच नसतं की आपण काही शोधतोय.

एक नमुना परिच्छेद मिळेल का?

आमच्या दुसऱ्या आवृत्तीतला देतो. तुमचे स्रोत आणि तुमच्या खुणा घालून वापरा.

"या मालिकेतील तुकाराम महाराजांचे अभंग शासकीय गाथेवरून घेतले असून क्रमांक त्याच गाथेचे आहेत. गौळणी व वासुदेव मंडळाच्या जुन्या वीणेकऱ्यांच्या हस्तलिखित वहीतून घेतले आहेत. वहीतील पाठ व छापील पाठ यांत फरक आढळला तेथे अक्षरसंख्या व अर्थ पाहून एक पाठ स्वीकारला आणि दुसरा तळटीपेत दिला. तळटीप नाही तेथे काहीही बदललेले नाही. पहिल्या आवृत्तीत 'संतकृपा झाली' हा अभंग तुकाराम महाराजांच्या नावे छापला गेला होता व त्याचा शेवटचा चरण राहिला होता. तो संत बहिणाबाईंचा आहे. ही चूक संपादकाची असून येथे दुरुस्त केली आहे."

शंभर शब्दांच्या आत तीन स्रोतांतले दोन, पाठ निवडायची रीत आणि एक कबुली आली. पूर्ण प्रस्तावना सहा-सात पानांच्या पुढे नेऊ नका. पुढे गेली तर तळटीपांचं काम ती करायला लागलीय असं समजा.

छापून झाल्यावर चूक सापडली तर?

सापडतेच. प्रस्तावनेच्या शेवटी तारीख, आवृत्ती आणि चुका कोणाला कळवायच्या ते द्या. एका माणसाच्या नावाऐवजी मंडळाचा पत्ता द्या, कारण माणसं बदलतात. आम्ही पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं ठेवली आणि वर "शुद्धिपत्र व नवे पाठ" एवढंच छापलं. देवळात वीण्याजवळ जी प्रत असते, तिच्यात कोणीही पेन्सिलने लिहायचं आणि खाली तारीख टाकायची. आज त्या प्रतीत एकोणतीस नोंदी आहेत. त्यातल्या अकरा मी गाथेशी ताडून पाहिल्या, नऊ बरोबर निघाल्या. उरलेल्या अठरा या चातुर्मासात बघायच्या आहेत.